तांबट आळीतल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

पुण्यात कसबा पेठेतल्या तुमच्या आळीत मी खजिनाशोधाचा खेळ आखला आणि पहिल्याच रविवारी तो पार फसला. त्या दिवशी तुम्ही मदतीला आला नसता, तर मी तो नाद सोडून दिला असता. म्हणून हे पत्र.

जागेची पाहणी मी सकाळी आठला केली होती. दुकानं बंद होती, म्हणून तीन चिठ्ठ्या मी चक्क शटरवर चिकटवल्या. अकराला खेळ सुरू झाला तेव्हा शटर वर गुंडाळलेली आणि चिठ्ठ्या त्यांच्याबरोबर गायब! सहाही गट पहिल्याच खुणेपाशी अडकले, गल्ली तुंबली, गिऱ्हाइकांना दुकानात शिरता येईना. तुम्ही ओरडला नाहीत. हातोडी खाली ठेवून एवढंच म्हणालात, "सगळ्यांना एकाच दारातून कशाला सोडतेस?"

त्या एका प्रश्नावर सगळा खेळ बदलला. आता सहा खुणा गोलाकार लावते. पहिला गट पहिल्या खुणेपासून निघतो, दुसरा दुसऱ्या, आणि प्रत्येक जण फेरी पूर्ण करतो. एका जागी एका वेळी चार-पाच माणसं, त्याहून जास्त नाहीत.

कुलपाचंही तुम्हीच दाखवलंत. तीन आकडी कुलूप लावून मी खूश होते. दोन मुलं कोडं न वाचता ०००पासून आकडे फिरवत बसलेली तुम्हाला दिसली. हजारच आकडे, एकेकाला तीन सेकंद धरले तरी पन्नास मिनिटांत कुलूप उघडतं, आणि खेळ दीड तासाचा!

त्यावर तुम्ही सुचवलेलं कोडं मला सगळ्यात आवडतं. तीन सारखे तांब्याचे गडू तीन कापडी पिशव्यांत. दोन मठारलेले, एक तसाच. पिशवीत न डोकावता नुसता हात घालून तो एक ओळखायचा. पुढची चिठ्ठी त्याच्यात. मठारलेल्या गडूवर बोटांना ठोक्यांच्या बारीक रांगा लागतात, न मठारलेला सपाट लागतो. याचं उत्तर फोनवर सापडत नाही, समोर ठोकणाऱ्या माणसाला विचारावं लागतं. ठोक्यांनी तांबं घट्ट होतं, म्हणून भांडं सहज चेपत नाही, हे तुम्ही प्रत्येक गटाला न कंटाळता सांगितलंत. चुकलेल्यांना दोन मिनिटं बाकावर बसवायची युक्तीही तुमचीच.

"पोटात विस्तव, भोवती पाणी" ही खूण मुलांना सुटेना, तेव्हा शेजारच्या आजींनी त्यांना दुकानात नेऊन बंब दाखवला. एक मुलगा त्याच्या मधल्या नळीत किती तरी वेळ वाकून बघत होता.

न मठारलेला गडू अजून माझ्याकडेच आहे. येत्या रविवारी दहाला, दुकान उघडायच्या वेळी, आणून देते. आणि हो, या वेळी एकही चिठ्ठी शटरवर नाही.

तुमची,
खजिनावाली