पट्टा परत दिलात, त्याबद्दल आभार : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

मागच्या वर्षी आम्हा काही कुटुंबांना तुम्ही दालनात बोलावलंत, पाणी विचारलंत आणि शब्द दिलात की व्यसनी कैदी सुटताना त्याच्या हातात, हेरॉईनच्या ओव्हरडोसने थांबत आलेला श्वास परत आणणाऱ्या नॅलोक्सोनचा फवारा दिला जाईल. परवा सभागृहात तुम्हीच म्हणालात, "गर्दुल्ल्यांना सरकारी खर्चाने भेटवस्तू देणार नाही." बाकं वाजली. मी ते घरी बसून ऐकलं. माझ्या भावाच्या खोलीत.

तो तुमच्या भाषेत गर्दुल्लाच होता, नाकारत नाही. हेरॉईन घ्यायचा, स्वतःपुरतं. विकताना त्याला कोणी पकडलं नव्हतं, खिशात एक पुडी सापडली होती. त्यावर सात महिने आत गेला, तोही कच्चा कैदी म्हणून. पहिले आठ-दहा दिवस टर्कीत काढले. उलट्या, जुलाब, हाडं मोडल्यासारखं अंग. औषध मागितलं तर उत्तर मिळालं, "हे हॉस्पिटल नाही." पुढे टर्की संपली, अंगावर मांस चढलं. भेटीला गेले की आई म्हणायची, बघ, सुधारला. मीही म्हणायचे.

इथेच आपण सगळे फसतो, साहेब, आणि तुमचं खातं तर नेमाने फसतं. रोज घेणाऱ्याचं शरीर त्या मात्रेला सरावलेलं असतं. काही आठवडे बंद राहिलं की तो सराव उतरतो. मेंदूतली ओढ मात्र जागच्या जागी असते. सुटलेला माणूस जुन्या सवयीने जुनीच मात्रा घेतो आणि श्वास चालवणारं केंद्र मंदावत मंदावत थांबतं. म्हणजे तुम्ही ज्याला सुधारणा म्हणता, तीच त्याला मारते.

हे माझ्या दुःखाचं तत्त्वज्ञान नव्हे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या तीस हजारांवर कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या १२.७ पट निघाला. त्यातही ओव्हरडोसने मरण्याचा धोका १२९ पट. आपल्या तुरुंगांतून सुटल्यावर पंधरवड्यात किती जण मेले, हे मी तुमच्या खात्याला तीनदा विचारलं. माझ्या अंदाजाने दर आठवड्याला एक तरी असावा. आकडा चुकीचा असेल तर खोडा. खोडायला मोजावं लागेल, एवढीच अडचण आहे.

भाऊ नवव्या दिवशी गेला.

त्या दिवशी एक मित्र आला होता, दोघे त्याच्या खोलीत बसले. थोड्या वेळाने दार वाजलं आणि मित्र चपला हातात घेऊन जिना उतरला. मी स्वयंपाकघरात होते. खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता, खोल, घशात पाणी अडकल्यासारखा. मला वाटलं, कित्येक महिन्यांनी शांत झोपलाय, उठवायला नको. तो आवाज म्हणजे बंद पडत चाललेला श्वास होता, हे मला तेव्हा कोणी सांगितलेलं नव्हतं. अर्ध्या तासाने आत गेले तेव्हा ओठ निळसर पडले होते आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

तो फवारा घरात असता तर? नाकपुडीत एकदा दाबायचा, तोंडाने श्वास देत राहायचं, दोन-तीन मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरा. त्याचा असर अर्धा ते दीड तास टिकतो, हेरॉईन त्याहून जास्त टिकू शकतं, म्हणून माणूस उठून बसला तरी रुग्णवाहिका बोलवायचीच. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांवर तो चालत नाही आणि त्याची नशाही होत नाही. ही तुमची भेटवस्तू.

आणि तो मित्र का पळाला? त्याला मी महिनाभर शिव्या घातल्या. मग कळलं, थांबला असता तर त्याच्यावरही तेच कलम लागलं असतं. ज्याला माहीत होतं की हे घोरणं नव्हे, तो एकटाच माणूस तुमच्या कायद्याच्या भीतीने जिना उतरला.

आता तुम्ही म्हणाल, ह्या बाई नशा मोकाट सोडा म्हणतात. नाही हो. पोर्तुगालने २००१ मध्ये स्वतःपुरतं बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं. विकणं आजही तिथे गुन्हाच आहे. सरासरी दहा दिवस पुरेल इतपत माल सापडला तर माणूस कोर्टात न जाता तीन जणांच्या आयोगापुढे जातो आणि व्यसनी असेल तर उपचारांकडे वळवला जातो. मेख अशी, की वळवायला उपचार उभे होते. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२० मध्ये मतदान घेऊन हेच करायचं ठरवलं, पण हातात ठेवली शंभर डॉलरची पावती. एका हेल्पलाइनला फोन केला की दंड माफ. फोन फारसे कोणी केले नाहीत, उपचारांचा पैसा रखडला आणि २०२४ मध्ये बाळगणं पुन्हा गुन्हा ठरलं. तुमचे प्रवक्ते ओरेगॉनचं नाव घेऊन नाचतात. त्यांना सांगा, तिथे फक्त शिक्षा काढली होती, तिच्या जागी ठेवायचं ते वेळेवर आलंच नाही. आपल्याकडे शिक्षाही आहे आणि जागाही रिकामीच.

कायदा बदलायला तुम्हाला दहा वर्षं लागतील, लागू देत. तुरुंगातलं औषध त्यासाठी थांबायला नको. अमेरिकेतल्याच ऱ्होड आयलंडने २०१६ मध्ये कैद्यांना आतच मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन ही हेरॉईनची ओढ आणि टर्की आवरणारी औषधं देणं सुरू केलं आणि सुटल्यावरही ते चालू राहील अशी सोय केली. आदल्या वर्षीच्या त्याच सहा महिन्यांशी ताडून पाहिलं, तर नुकत्याच सुटलेल्यांचे ओव्हरडोसचे मृत्यू २६ वरून ९ वर आले होते. आकडे लहान आहेत, राज्यच लहान आहे. पण मेथाडोन घेणाऱ्याचा सराव उतरत नाही, हे कारण कुठल्याही राज्यात तेच राहतं.

हे सगळं मी तुमच्या खात्याला लिहिलं. त्यांनी आरोग्य खात्याकडे पाठवलं. आरोग्य खातं म्हणालं, कैदी आमच्याकडे येत नाहीत. तुरुंग म्हणाला, सुटलेला माणूस आमचा नाही. मग तो कोणाचा? पकडायला चार जण येतात, सोडताना गेटवर एक शिपाई आणि एक वही. त्या वहीत सही करून भावाने पट्टा, पाकीट आणि चार्जिंग संपलेला फोन परत घेतला. पट्ट्याची नोंद होती, बक्कल पितळी असंही लिहिलं होतं. इतका काटेकोर कारभार मी दुसरीकडे पाहिला नाही. सोबत पुढच्या तारखेचा कागद दिला होता.

त्या तारखेला मीच गेले. नाव पुकारलं तेव्हा उठून सांगितलं, आरोपी मयत आहे. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "दाखला साक्षांकित आहे का?" नव्हता. पुढची तारीख मिळाली.

आपली,
एका मयत आरोपीची बहीण

सोबत : मृत्यूचा दाखला, एक प्रत. या वेळी साक्षांकित.