मा. सहकारमंत्र्यांना खुलं पत्र: शाखेचा थ्रीडी व्ह्यू 31 मार्चच्या गर्दीसकट मागा

मा. सहकारमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी इंटिरियरचे थ्रीडी व्ह्यू काढणारा माणूस आहे. दुकानं, दवाखाने, पतसंस्था, बँकांच्या शाखा असं सगळं करतो. सध्या बऱ्याच जिल्हा बँका आणि नागरी बँका जुन्या शाखा नव्या करायला काढतायत, आणि त्यातलं जवळपास प्रत्येक काम एका चित्रावर मंजूर होतं. संचालक मंडळाची मीटिंग असते, प्रोजेक्टरवर व्ह्यू लागतो, सगळे म्हणतात वा छान, ठराव होतो, आणि मग सहा महिन्यांनी शाखा उघडली की लोक दारात उभे. का होतं असं, तेच तुम्हाला सांगायचंय, कारण यावर उपाय सोपा आहे आणि तो एका परिपत्रकाने होऊ शकतो.

एका तालुक्याच्या गावातल्या शाखेचं सांगतो. नाव घेत नाही, नाव महत्त्वाचंही नाही, असं बऱ्याच ठिकाणी झालंय. शाखा नवीन झाल्यावर काही महिन्यांनी तिथल्या मॅनेजरनी मला बोलावलं, म्हणाले रांगेचं काहीतरी करून द्या. हॉल 40 फूट बाय 25 फूट. मागचे 13 फूट स्टाफला, लांबीच्या बाजूने सलग काउंटर, आणि पुढे लोकांसाठी 12 फूट. समोरच्या भिंतीच्या मधोमध काचेचा दरवाजा. आता त्या 12 फुटांतून समोरच्या भिंतीला लावलेल्या स्टीलच्या खुर्च्या अडीच फूट खातात, बसलेल्या माणसाचे पाय अजून दीड फूट. उरले 8 फूट. रांगेत उभ्या माणसाला साधारण 2 फूट लागतात, हातात पिशवी असेल तर जास्तच. म्हणजे काउंटरसमोर सरळ रांग लावली की चार माणसं, पाचवा बसलेल्याच्या मांडीवर. कॅशचं काउंटर तर नेमकं दरवाजाच्या समोर, त्यामुळे रांग सरळ पायरीवर, उन्हात. आणि 31 मार्च जवळ आला की पीककर्ज भरायला, नवंजुनं करायला अख्खं गाव येतं, व्याजाची सवलत जाऊ नये म्हणून, त्यात सोसायट्यांचे गटसचिव, दुधाचं पेमेंट, पेन्शनवाले.

मंजूर झालेला व्ह्यू मी मागून घेतला. त्यात हॉल मोकळा दिसतो, प्रशस्त, कोपऱ्यात एक कुंडी, काउंटरपाशी सूट घातलेला एक गृहस्थ आणि एक बाई, बस. आमच्याकडे हे कसं होतं तेही सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये कॅमेरा भिंतीच्या बाहेर नेऊन ठेवता येतो, मधली भिंत चित्रापुरती कापायची, लेन्स 16-18 एमएमची घ्यायची, की 12 फुटांची जागा 25 फुटांसारखी दिसते. शिवाय कॅमेरा जरा उंच, सात फुटांवर, म्हणजे काउंटरच्या पलीकडचंही दिसतं. अशा ठिकाणी कुठलाही खातेदार कधी उभा राहणार नाहीये. आर्किटेक्ट काही फसवायला बसलेला नसतो, फर्निचर दाखवायला तो व्ह्यू चांगलाच आहे, पण त्यावर बघून रांगेची जागा मंजूर करता येत नाही. ती बघायची तर कॅमेरा दारात आत पाऊल टाकलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे साधारण 5 फुटांवर हवा, भिंतीच्या आतच हवा, आणि लेन्स 24 एमएमच्या खाली नको. हॉल चित्रात मावत नसेल तर दोन व्ह्यू काढा, भिंत कापू नका.

आणि माणसं घाला. हे फुकट आहे हो साहेब, आमच्या लायब्ररीत हवी तेवढी माणसं असतात! मी त्याच ड्रॉइंगवरून मॉडेल उभं केलं आणि 25 माणसं उभी केली, दोघींच्या कडेवर मूल, एक आजोबा काठी घेऊन, एक व्हीलचेअर. दहा मिनिटांत मॅनेजरना दिसलं की पासबुक प्रिंटिंगचं मशीन रांगेच्या मधोमध येतंय आणि खुर्चीवरून उठलेल्याला बाहेर पडायला वाटच नाही. हेच काम सुरू व्हायच्या आधी दिसलं असतं तर काउंटर होता तिथेच ठेवून सगळं बसलं असतं, कसं ते सांगतो.

खुर्च्या समोरच्या भिंतीवरून काढून हॉलच्या एका टोकाला 10 फुटांत घ्यायच्या. मग पुढचे 12 फूट पूर्ण मोकळे मिळतात. त्यातले काउंटरला लागून 3 फूट जो माणूस व्यवहार करतोय त्याला, दारालगत 3 फूट येण्याजाण्याला, आणि मधल्या 6 फुटांत काउंटरला समांतर अशा 3-3 फुटांच्या दोन पट्ट्या, 20 फूट लांब, एका टोकाला वळण. प्रत्येक पट्टीत दहा माणसं, म्हणजे वीस माणसं आत, सावलीत, आणि दार मोकळं. रांग एकच, जो काउंटर रिकामा होईल तिकडे पुढचा जाईल. कॅशवाला एक जण पैसे मोजत बसला म्हणून मागचे सगळे अडकले असं होत नाही. हे सगळं दोऱ्या आणि खांब लावून होतं, सिव्हिलचं काम नाही.

उरलेल्या दुसऱ्या टोकाला, पट्ट्यांच्या बाहेर, एक कमी उंचीचा काउंटर. आपल्याकडे उभ्याने वापरायचा काउंटर साडेतीन फुटांचा करतात, व्हीलचेअरवरच्या माणसाच्या तो हनुवटीशी येतो. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, केंद्राच्या 2021 च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचना आहेत. अडीच फुटांच्या आसपास उंची, खाली गुडघे जातील अशी पोकळी, आणि समोर खुर्ची वळवायला 5 फूट मोकळे. पण व्ह्यूमध्ये हा काउंटर बहुतेक वेळा फक्त बुटका दाखवलेला असतो आणि खाली ड्रॉवरचं युनिट! चित्रात व्हीलचेअर घातली की गुडघे लॅमिनेटला आपटतायत हे लगेच कळतं, म्हणून म्हणतो ती घालायला लावा.

आता लाइटचं, कारण इथे चित्र सगळ्यात जास्त खोटं बोलतं. आजकाल प्रत्येकाला शांत, डोळ्यांना त्रास न होणारा उजेड हवा असतो आणि व्ह्यूमध्ये तो दिसतोही. पण आमच्या सॉफ्टवेअरमध्ये न दिसणारे लाइट ठेवता येतात, कॅमेऱ्याच्या मागे एक मोठा लाइट लावला की सगळा हॉल मऊ उजळतो, आणि तो लाइट बीओक्यूमध्ये, म्हणजे कामाच्या सामानाच्या यादीत, नसतोच. वर कॅमेऱ्याचं एक्स्पोजर आपोआप ठरतं. म्हणजे सीलिंगला सहा पॅनल लावा किंवा सोळा, चित्र तेवढंच उजळ दिसतं. म्हणून चित्र बघून कुणीही उजेड मंजूर करू नये, आकडा मागावा.

त्या शाखेचाच हिशोब बघा. 1000 चौरस फूट म्हणजे 93 चौरस मीटर. बीओक्यूमध्ये 36 वॅटचे 12 पॅनल, एकाचा उजेड साधारण 3600 ल्युमेन धरा. एकूण 43,200. यातला भिंती, धूळ, फिटिंगचं म्हातारपण वगैरे जाऊन ढोबळ निम्मा उजेड टेबलापर्यंत पोचतो असं आपण धरतो, म्हणजे 21,000 च्या आसपास. भागिले 93, आले 225 लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला पडणारा उजेड. लोकांच्या बाजूला बसायला ते ठीक, पण काउंटरवर जिथे स्लिप भरायची, सही जुळवायची, नोटा तपासायच्या तिथे 300 ते 500 हवेत. त्यात भिंतींना गडद अक्रोड रंगाचं लॅमिनेट, ते अजून उजेड पितं. मग लोक तक्रार करतात, बँक 6500 केल्विनचे पांढरेफेक बल्ब आणून मध्येमध्ये लावते, आणि ज्या शांत उजेडासाठी खर्च केला तोच जातो.

खरं तर सगळीकडे पॅनल वाढवायचीही गरज नव्हती. काउंटरच्या वर, जरा स्टाफच्या बाजूला, एक सलग लिनियर लाइट, 4000 केल्विनचा, चांगल्या डिफ्यूजरचा. का स्टाफच्या बाजूला? कॅशच्या काचेजवळ जाऊन उभे राहा म्हणजे कळेल. लोकांची बाजू जास्त उजळ आणि केबिन अंधारी असेल तर काचेचा आरसा होतो, आत कॅशियर दिसतच नाही, आपलाच चेहरा आणि मागचं सीलिंगचं पॅनल दिसतं. ज्यांना कमी ऐकू येतं ते समोरच्याच्या ओठांकडे बघून समजून घेतात, त्यांचं तर सगळंच अडतं, आणि मग काचेच्या खालच्या फटीशी वाकून ओरडणं सुरू. आतली बाजू थोडी जास्त उजळ ठेवली की हे संपतं. शांत उजेड म्हणजे मंद उजेड नव्हे, डोळ्यात न घुसणारा उजेड. कोव्हमधला, म्हणजे सीलिंगच्या खाचेत लपवलेला, पिवळसर 3000 केल्विन बसायच्या जागेत छान, पण नोटा मोजायच्या टेबलावर नको.

हे आधी कळण्यासाठी लाइटच्या कंपनीकडून त्या फिटिंगची आयईएस फाइल मिळते, कुठल्या दिशेला किती उजेड पडतो ते त्यात असतं. ती मॉडेलमध्ये घातली, लपवलेले लाइट काढले, एक्स्पोजर फिक्स केलं, की चित्र बरंच खरं होतं. लक्सचा नकाशा डायलक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये निघतो, ते फुकट मिळतं. भिंतीचे रंग चुकीचे घातले तर हिशोबही चुकतो हे मान्य, म्हणून ताबा घेताना लक्समीटर लावून काउंटरवर मोजायचं.

तर साहेब, मागणी एवढीच. सहकार आयुक्तांमार्फत बँकांना कळवा की नूतनीकरणाच्या ठरावाला नेहमीच्या सुंदर व्ह्यूबरोबर दारातून 5 फुटांवरून काढलेला गर्दीच्या दिवसाचा व्ह्यू जोडावा, गर्दीचा आकडा त्या शाखेच्या मॅनेजरने लेखी द्यावा, एक व्हीलचेअर कमी उंचीच्या काउंटरला लावलेली दाखवावी, आणि बीओक्यूमधल्याच फिटिंगवर काढलेला लक्सचा नकाशा असावा. ज्याच्याकडे मॉडेल आधीच तयार आहे त्याला हे एक-दोन दिवसांचं काम आहे, त्याची फी वेगळी द्या, काउंटर तोडून परत करण्यापेक्षा ती कितीतरी कमी पडते. आणि ठराव होण्याआधी हे कागद शाखेच्या कॅशियरला आणि शिपायाला दाखवा, रांग कुठे अडकते ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. पुढच्या मार्चच्या आत कामं काढायची असतील तर हे पत्रक दिवाळीच्या आधी निघायला हवं, कारण दिवाळीनंतर टेंडर लागतात आणि मग ड्रॉइंग बदलायला कुणी तयार होत नाही.

आपला,
थ्रीडी व्ह्यू काढणारा एक खातेदार