दहा-सव्वीसची गोणी आणि किलोचा हिशोब

निफाड,
12 नोव्हेंबर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र, खतांचे भाव आणि माती परीक्षणाच्या अहवालाची प्रत मिळाली. एक एकर रब्बी कांद्याला 10:26:26 च्या दोन गोण्या घेणे स्वस्त पडेल की वेगळी खते घेणे, हा तुझा प्रश्न आहे. गोणीचा भाव पाहून त्याचे उत्तर मिळत नाही, कारण आपण पैसे गोणीचे देतो आणि पिकाला पोहोचते ते फक्त त्यातले नत्र, स्फुरद आणि पालाश.

सुरुवात युरियापासून कर, कारण त्यात एकच अन्नद्रव्य आहे. युरियाची गोणी आता 45 किलोची आहे. आपल्याकडे अजूनही बरेच जण 50 किलो धरूनच हिशोब करतात आणि तिथेच चुकतात. 46 टक्क्यांप्रमाणे तीत 20.7 किलो नत्र येते, म्हणजे 266.50 रुपयांना एक किलो नत्र सुमारे 12.90 रुपयांना पडले. त्याच रीतीने लाल पोटॅशच्या 50 किलोच्या गोणीत 60 टक्क्यांनी 30 किलो पालाश असते, आणि तू कळवलेल्या 1650 रुपयांना ते किलोमागे 55 रुपये होते.

डीएपीत दोन अन्नद्रव्ये असल्याने आधी नत्राची किंमत वजा करावी लागते. गोणीत 9 किलो नत्र आहे आणि तेवढेच नत्र युरियातून 116 रुपयांना मिळाले असते. गोणीच्या 1350 रुपयांतून ते वजा केल्यावर उरलेले 1234 रुपये 23 किलो स्फुरदाचे, म्हणजे किलोला साधारण 53.70 रुपये.

आता दहा-सव्वीस बघ. तिच्यात 5 किलो नत्र, 13 किलो स्फुरद आणि 13 किलो पालाश आहे. हेच तिन्ही युरिया, डीएपी आणि पोटॅशमधून घेतले तर सुमारे 1477 रुपये लागतात आणि तुझा दुकानदार गोणीचे 1750 मागतो. म्हणजे एका गोणीमागे 273 रुपये तू फक्त कारखान्यात एकत्र करून मिळण्याचे देतोस. मजूर मिळत नसेल आणि तीन खते मोजून टाकणे शक्यच नसेल तर ते द्यावेत, एरवी मी देणार नाही.

खरा पेच सिंगल सुपर फॉस्फेटचा आहे. 560 रुपयांच्या गोणीत 16 टक्क्यांनी 8 किलोच स्फुरद, म्हणजे किलोला 70 रुपये. वरवर पाहता डीएपीपेक्षा महाग. मीही बरीच वर्षे तेवढेच पाहून सुपर नाकारत आलो. पण त्याच गोणीत 11 टक्क्यांनी साडेपाच किलो गंधकही येते आणि त्याची किंमत शून्य धरायची की नाही, हे तुझ्या जमिनीवर ठरते. तुझ्या अहवालात गंधक 7 पीपीएम आहे, आणि 10 च्या खाली ते कमी समजतात; शिवाय कांदा हे गंधक मागणारे पीक आहे. तेव्हा डीएपी घेतलेस तरी बेंटोनाइट गंधक वेगळे आणावेच लागेल, आणि तू लिहिलेल्या भावाने ते किलोला 70 रुपये पडते. सुपरमधल्या गंधकाचे त्या दराने 385 रुपये झाले, आणि उरलेल्या 175 रुपयांत 8 किलो स्फुरद आले, म्हणजे किलोला 22 रुपये. गंधकाला किलोमागे 24 रुपयांपेक्षा जास्त मोजावे लागत असतील, तर सुपर डीएपीला मागे टाकते. अहवालात गंधक पुरेसे असते, तर मी तुला डीएपीच घे म्हणून लिहिले असते.

तुझ्या एकराला 40 किलो नत्र, 20 किलो स्फुरद आणि 20 किलो पालाश सांगितले आहे. त्यासाठी सुपरच्या अडीच गोण्या, युरियाच्या जवळपास दोन आणि पोटॅशची दोन-तृतीयांश गोणी लागेल. खर्च सुमारे 3015 रुपये. डीएपीच्या वाटेने गेलास तर साधारण 2690 रुपयांत भागते, पण अडीच गोण्या सुपरमधून मिळणाऱ्या पावणेचौदा किलो गंधकाचे साडेनऊशेवर रुपये त्यात मिळवावे लागतात. सुपरच्या गोण्या जास्त असल्याने हमाली आणि टेम्पोचे भाडे थोडे वाढेल, तेही दर गोणीच्या भावात धरूनच बघ. माझ्या अंदाजाने निकाल बदलणार नाही.

एका गोष्टीने मात्र या हिशोबातले आकडे बदलतात. गेल्या हंगामात मला डीएपी देताना एका दुकानदाराने 225 रुपयांची एक बाटली गळ्यात मारली. ती मला नको होती, म्हणून मी ते पैसे गोणीतच धरले, आणि स्फुरद किलोला त्रेसष्ट रुपयांवर गेले. तुझ्याकडेही असे लिंकिंग होत असेल तर बिलाची पूर्ण रक्कम धर.

युरिया आणि सुपर मिसळून ठेवू नकोस, त्याला पाणी सुटते आणि खत हाताला चिकटते. सुपर आणि पोटॅश लागवडीच्या वेळी मातीत मिसळ, युरिया मात्र अर्धाच तेव्हा दे आणि बाकीचा दोन हप्त्यांत.

दोन गोण्यांवर छापलेले टक्के आणि निव्वळ वजन मला पुढच्या पत्रात लिहून पाठव.

तुझा,
विठ्ठल