धनूच्या बाळाची कार सीट

म्युनिक

प्रिय आई, बाबा आणि समीर,

आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, तू फोनवर म्हणालीस, "हॉस्पिटल ते इंदिरानगर पंधरा मिनिटांचा रस्ता, मी घेईन की बाळाला मांडीवर." त्यावर फोनवर धड बोलणं झालं नाही. इथे प्रसूती विभागातून घरी निघणाऱ्या आईवडिलांना हेच समजावून सांगणं माझं काम आहे, म्हणून तुम्हालाही सगळं नीट लिहून पाठवते.

आधी मांडीवर घेण्याबद्दल. गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे आणि समोरच्या गाडीवर आदळली, असं धर. पुढचा भाग साठेक सेंटिमीटर चेपून गाडी थांबते आणि त्याला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. तेवढ्या वेळात आतली प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या सुमारे सोळापट जोराने पुढे ओढली जाते. चार किलोचं बाळ धरून ठेवायला ६५ किलोचा जोर लागेल. तो तुझ्याकडे नाही, समीरकडेही नाही, आणि हात आवळायचं सुचायच्या आत सगळं होऊन गेलेलं असतं. तू बेल्ट लावला असलास तर बाळ हातातून सुटून पुढच्या सीटवर आदळतं. लावला नसलास तर तुझं सगळं वजन त्याच सोळापटीने बाळावर येतं. एकाच बेल्टमध्ये दोघांना बांधणं त्याहून वाईट, कारण बाळ पट्टा आणि तुझं शरीर यांच्यात चिरडलं जातं. यात तुझ्या मायेचा किंवा सावधपणाचा काही संबंध नाही, आई. अंतर थोडं असल्यानेही फरक पडत नाही. मुंबई नाक्यावर कुणी आडवा आला तर घर किती जवळ आहे हे गाडीला कळत नाही.

म्हणून बाळाची सीट हवी, आणि ती मागे तोंड करून बसवायची. म्हणजे बाळाची पाठ गाडीच्या पुढच्या बाजूला आणि पाय मागच्या सीटच्या पाठीकडे. नवजात बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मानेचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात. पुढे तोंड असेल तर धड पट्ट्यांनी अडतं, डोकं मात्र पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर डोकं, मान आणि पाठ एकत्रच सीटच्या टणक पाठीत दाबली जातात. आर१२९ या युरोपीय नियमानुसार पंधरा महिन्यांपर्यंत बाळाला असंच बसवावं लागतं. त्यानंतरही सीटच्या मर्यादेत मावतं तोवर तसंच ठेवा.

समीर, आता तुझ्यासाठी. बाबांच्या गाडीला आयसोफिक्सचे, म्हणजे बेल्टशिवाय बाळाची सीट थेट अडकवायचे हूक नाहीत, तेव्हा गाडीच्या बेल्टने बांधता येणारी, हँडलची छोटी सीट बघ. जन्मापासून १३ किलोपर्यंत चालणारी. तिच्यावर आर४४/०४ किंवा आर१२९ लिहिलेलं नारिंगी लेबल हवं, त्यावर वर्तुळात 'ई' आणि शेजारी देशाचा आकडा असतो. ते लेबल नसेल तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नकोस. कुणाकडून जुनी मिळत असेल तर तिला कधी अपघात झालेला नाही, सगळे भाग आणि माहितीपुस्तक जागेवर आहे आणि वापराची मुदत संपलेली नाही, हे खात्रीने कळलं तरच घे. पैसे देण्याआधी सीट गाडीत लावून बघू द्या, असं दुकानदाराला सांग. एका गाडीत घट्ट बसणारी सीट दुसरीत डुगडुगते.

जागा मागची डावी. फुटपाथच्या बाजूने बाळाला चढवता-उतरवता येतं. मधल्या जागेला बाबांच्या गाडीत फक्त कमरेचा पट्टा आहे, तो या सीटला चालत नाही. पुढच्या सीटवर समोर चालू एअरबॅग असताना मागे तोंड केलेली सीट कधीच लावायची नाही. फुगणारी एअरबॅग थेट बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते.

लावताना सीटवरच्या निळ्या खुणा बघ. बेल्टचा कमरेचा भाग सीटच्या दोन्ही कडांवरच्या निळ्या खाचांतून आडवा घ्यायचा आणि बक्कल लावायचं. मग खांद्याचा भाग सीटच्या पाठीमागून फिरवून मागच्या निळ्या हुकात अडकवायचा. पट्ट्याला कुठेही पीळ नको. एका हाताने सीट खाली दाबून धर, दुसऱ्याने बक्कलजवळचा पट्टा ओढून कमरेचा ढिलेपणा काढ, आणि तो सगळा खांद्याच्या भागातून वर ओढून घे. मग पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून हलव. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली तर पुन्हा आवळ. डोक्याकडची बाजू थोडी डुलते, त्याची काळजी नको.

इथे दोन गोष्टी हटकून बिघडतात. काही गाड्यांत बक्कलचा दांडा लांब असतो आणि निळ्या खाचेत पट्ट्याऐवजी बक्कलच येऊन बसतं. मग कितीही ओढलं तरी पट्टा आवळला जात नाही आणि धक्क्यात बक्कल तुटू शकतं. अशा वेळी उजवी जागा बघ, तिथेही तसंच झालं तर दुसरी सीट घे. पट्ट्याला गाठ मारणं किंवा जोडपट्टा लावणं हा उपाय नाही. दुसरी अडचण कलाची. आपल्या गाड्यांची मागची सीट पाठीकडे उतरती असते, त्यामुळे बाळाची सीट जास्त उभी राहते, डोकं पुढे झुकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दबते. नवजात बाळ स्वतःहून मान उचलू शकत नाही. सीटच्या बाजूला बहुतेक एक रेघ असते. गाडी सपाट जागी उभी करून ती रेघ जमिनीला समांतर आहे का बघ. नसेल आणि माहितीपुस्तकात परवानगी असेल, तर बाळाच्या पायाकडच्या बाजूखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी घाल.

आई, हे तुझ्यासाठी. सीटमध्ये ठेवताना बाळाला दुपट्यात गुंडाळायचं नाही, कारण एक पट्टा दोन पायांच्या मधून येतो. झबलं आणि लंगोट पुरे. जाड स्वेटर घातला तर पट्टा वरून घट्ट वाटतो, पण धक्क्यात स्वेटर चेपतो आणि बाळ निसटतं. थंडी असेल तर पट्टे लावून झाल्यावर वरून शाल घाल, तोंड मोकळं ठेवून. मोहरीची उशी घरी पाळण्यात राहू दे, सीटमध्ये नको. सीटसोबत आलेली गादी तेवढी ठेव. खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून निघायला हवेत. आवळल्यावर गळ्याच्या हाडाजवळ पट्टा चिमटीत धरून बघ. चिमटीत घडी आली तर सैल आहे.

सव्वा महिन्याने धनू पुण्याला जाईल तेव्हा कुणीतरी मागे बाळाशेजारी, स्वतःचा बेल्ट लावून बसा. हनुवटी आणि श्वास बघत राहायचं. साधारण तासाभराने थांबा, म्हणजे सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, राजगुरुनगर. प्रत्येक ठिकाणी बाळाला सीटमधून काढून थोडा वेळ आडवं ठेवा. वाटेत रडलं, भुकेलं तर गाडी कडेला सुरक्षित जागी थांबवून पाजा. चालत्या गाडीत पाच मिनिटांसाठीही बाहेर काढू नका. घरी पोचल्यावर झोपलेलं असलं तरी सीटमध्ये ठेवू नका, पाळण्यात पाठीवर निजवा.

समीर, तारखेच्या तीन आठवडे आधी सीट आण आणि एखाद्या बाहुलीला बसवून सराव कर. मला चार फोटो पाठव: लेबल, बक्कल आणि निळ्या खाचेची जागा, बाजूची रेघ, आणि पट्टे लावलेली बाहुली. चुकलं असेल तर फोटोत लगेच दिसतं.

तुमची,
ताई