मेथी-भाकरीतलं लोह जातं कुठं?

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय सुनंदा,

सईचं हिमोग्लोबिन ९.८ आल्याचं कळल्यापासून तुझं एकच वाक्य डोक्यात घोळतंय, "रोज मेथी-भाकरी खाऊ घालते, मग लोह जातं कुठं?" अगं, ते पोटात पोचतं; पण आतड्यातून रक्तात फारच थोडं उतरतं.

मटणातलं चाळीसएक टक्के लोह 'हीम' नावाच्या कड्यात बसलेलं असतं. आतड्यातली पेशी ते कडं अख्खंच आत घेते आणि मग फोडून लोह मोकळं करते, म्हणून वाटेत दुसरं अन्न त्याला सहसा अडवत नाही. भाजी-धान्यातलं लोह मात्र उघडं. ते बहुतेक फेरिक रूपात असतं. जठरातल्या आम्लात विरघळतं, पण लहान आतड्यात आंबटपणा उतरला की पुन्हा न विरघळणारं होऊन बसतं. पेशीच्या दारातून आत जातं ते फेरस रूप; म्हणजे आधी रूप बदलायला हवं. त्यातच ज्वारीतलं फायटेट त्याला धरून ठेवतं आणि चहातलं टॅनिनही.

टॅनिनचं काम तू डोळ्यांनी पाहिलंयस. लोखंडी कढईत चहा सांडून राहिला की काळाकुट्ट डाग पडतो ना, तो टॅनिन आणि लोह एकत्र येऊनच पडतो. सई जेवल्या-जेवल्या कपभर चहा घेते, तेव्हा तिच्या पोटात हेच होतं.

आता तिचं ताट बघ. भाकरी-मेथीत मिळून ६ मिलीग्रॅम लोह धर. त्यातलं पाच टक्के शोषलं तर ०.३ मिलीग्रॅम. वर चहा झाला की त्याच्याही निम्म्याखाली. उलट १०० ग्रॅम मटणात हीम-लोह ०.८ च्या आसपास, पण त्यातलं पाव हिस्सा शोषलं तरी ०.२ मिळतं. पाळी सुरू झालेल्या मुलीला दिवसाला साधारण दीड मिलीग्रॅम शोषलेलं लोह लागतं. म्हणजे मेथी भरपूर खाऊनही ती कमी पडणारच. यात तुझं काही चुकलं नाही गं.

तुमच्या घरी माळ आहे, तेव्हा मटणाचा आग्रह मी धरणार नाही. जेवताना अर्धं लिंबू पिळ, पण ताटात. शिजताना घातलंस तर त्यातलं क जीवनसत्त्व बरंच उडून जातं. हेच जीवनसत्त्व लोहाला फेरस करतं आणि विरघळलेलं ठेवतं. आठवड्यातून तीन-चारदा मोड आलेली मटकी कर, मोड येताना फायटेट कमी होतं. आणि चहा जेवणानंतर तासाभराने, आधी नाही.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र बंद करू नकोस. ९.८ वरून नुसत्या जेवणाने वर यायला फार वेळ लागेल. गोळीही चहा-दुधाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर दे. पुढची तपासणी झाली की हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनचा आकडाही मला कळव; साठा भरतोय की नाही ते त्यावरून दिसेल.

तुझीच,
वैशाली