बोनसचे 1 लाख कर्जात भरावेत का?

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "बँक चार टक्के कापणार, मग आधी भरून काय फायदा?" तेव्हा गॅसवर दूध होतं, नीट बोलता आलं नाही. आता वही घेऊन बसले आहे. पतसंस्थेत आयुष्य गेलं, हिशोब केल्याशिवाय चैन पडत नाही.

दादाच्या घरकर्जाला हा चार्ज लागला नाही, कारण त्याचं व्याज फ्लोटिंग. तुझं पर्सनल लोन फिक्स दराचं आहे, त्यामुळे लागणार. चार टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1 लाखावर 4,720 रुपये.

तुझे 5 लाख, 14 टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी, हप्ता 11,634. 24 हप्ते झाले, मुद्दल उरलं साधारण 3,40,400. आता 1 लाख भरलेस आणि हप्ता तोच ठेवलास, तर राहिलेल्या 36 हप्त्यांऐवजी 24 हप्त्यांतच कर्ज संपतं, शेवटचा तर थोडा लहानच. व्याज वाचतं जवळपास 42,100. चार्ज वजा केला तरी 37,400 उरतात. हेच पैसे तीन वर्षं साडेसहा टक्क्यांच्या एफडीत ठेवलेस तर एकवीस हजारांच्या आसपास व्याज मिळेल, वर त्यावर कर.

मात्र मुदतीऐवजी हप्ता कमी करून घेतलास तर वाचणारं व्याज 23,000 वर येतं. बँका पुष्कळदा न विचारता हप्ताच कमी करतात, म्हणून "मुदत कमी करा" असं लेखी दे आणि नवं वेळापत्रक मागून घे.

हा चार्ज नेहमीच परवडतो असं मात्र नाही. 4.72 टक्के म्हणजे 14 टक्के दराने चार महिन्यांचं व्याज. भरलेला रुपया एरवी चार महिन्यांहून जास्त काळ कर्जात राहणार असेल, तरच आधी भरण्यात अर्थ. तुझे सातच हप्ते राहिले असते, तर मुद्दल 77,768, पुढचं व्याज 3,671 आणि चार्जही तेवढाच! सहा राहिले तर उलट तोटा. तुझ्या बाबांनी गाडीचं कर्ज असंच शेवटच्या टप्प्यात "डोक्यावर नको" म्हणून फेडलं होतं. मी बोलले होते, पण ऐकतंय कोण.

एक गोष्ट कागदावर बघ. चार्ज "भरलेल्या रकमेवर" आहे की "शिल्लक मुद्दलावर"? दुसरं असेल तर 4,720 चे 16,000 होतील. तरीही फायदा उरेल, पण बराच कमी. कर्ज घेताना मिळालेल्या की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये हे लिहिलेलं असतं. वर्षात किती रक्कम आधी भरता येते याची मर्यादाही तिथेच किंवा करारात सापडेल. काही ठिकाणी शिल्लक मुद्दलाच्या 25 टक्क्यांच्या वर भरू देत नाहीत, आणि तुझे 1 लाख त्याहून थोडे जास्त होतात.

रविवारी येशील तेव्हा तो कागद घेऊन ये, मी चष्मा लावून बघते.

तुझी
आई