तक्रार: किंमत-गणकाचा 81 डॉलरचा अंदाज आणि 201 डॉलरचं बिल

प्रति,
व्यवस्थापक, डेव्हलपर प्लॅन व बिलिंग विभाग

तुमच्या माणसाशी आत्ताच फोन झाला. त्यातून काहीच निष्पन्न झालं नाही, म्हणून लेखी तक्रार करतोय.

आमच्या साइटवर तुमच्या AI मॉडेलवर चालणाऱ्या सपोर्ट विजेटचा महिन्याचा खर्च तुमच्याच गणकाने 81 डॉलर दाखवला होता. बिल आलं 201 डॉलरचं. दर तेच आहेत: दहा लाख इनपुट टोकनला 1 डॉलर, आउटपुटला 5. महिन्याला संभाषणं 10,000, प्रत्येकात सहा प्रश्नोत्तरं. सूचना आणि मदतीचा ठरलेला मजकूर 1,500 टोकनचा, प्रश्न सरासरी 100चा, उत्तर 200चं.

तुमचा गणक ठरलेला मजकूर संभाषणामागे एकदाच धरतो, म्हणजे 2,100 इनपुट टोकन. पण मॉडेलला मागचं काही आठवत नाही. त्यामुळे प्रत्येक नव्या प्रश्नासोबत तो सगळा मजकूर आणि आधीची प्रश्नोत्तरं पुन्हा पाठवावी लागतात. पहिल्या प्रश्नाला 1,600 टोकन जातात, सहाव्याला 3,100. सहाही मिळून होतात 14,100. म्हणजे महिन्याला इनपुटचेच 141 डॉलर आणि आउटपुटचे 60. हे तुम्हाला माहीत नाही असं मी मानायला तयार नाही.

यावर तुमचा प्रतिनिधी काय म्हणाला? "सर, तुमचे ग्राहक फार लांबलचक लिहितात. त्यांना थोडक्यात लिहायला सांगा." मी त्याला आकडे वाचून दाखवले. ग्राहकांनी टाइप केलेला मजकूर, पुन्हापुन्हा जाऊनसुद्धा, 201पैकी जेमतेम 21 डॉलरचा आहे. तो म्हणाला, "तरीसुद्धा सर, तेवढं सांगून बघा." अडचणीत सापडून मदत मागणाऱ्या माणसाला मी सांगू, की कमी शब्दांत रड? तुमचा गणक चुकतो आणि दोष माझ्या ग्राहकांचा? हे मला फार लागलं.

दुसरी गोष्ट कॅशिंगची. मजकुराची सुरुवात जशीच्या तशी राहिली, तर तो भाग दहाव्या हिश्श्याच्या दरात मिळतो, असं तुमच्याच दरपत्रकात आहे. पण तुम्ही दिलेला तयार विजेट-कोड सूचनांच्या अगदी वर चालू तारीख-वेळ सेकंदासकट घालतो. पहिली ओळच दर वेळी बदलते, त्यामुळे कॅश कधीच लागत नाही. लॉगमध्ये `cached_tokens` सगळीकडे 0 आहे. ती ओळ शेवटच्या प्रश्नाजवळ हलवली, तर ठरलेल्या मजकुराचे 90 डॉलर जवळपास 9 वर येतील. तुमच्या कोडमुळे महिन्याला ऐंशीएक डॉलर जातात, आणि सल्ला मिळतो ग्राहकांना गप्प करण्याचा.

गणक दुरुस्त करा, विजेट-कोड दुरुस्त करा आणि कॅश न लागल्याने जास्त घेतलेले पैसे परत करा. सात दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर विजेट दुसऱ्या कंपनीकडे हलवतो आणि हा सगळा हिशेब लॉगसकट जाहीर करतो. तुमच्या कागदपत्रांवर विश्वास ठेवून मी तुम्हाला निवडलं होतं. तो विश्वास आता उरलेला नाही.

— तुमचा एक पैसे भरणारा ग्राहक